एकच नाव, दोन रकाने: आडनाव नसताना अमेरिकेचे फॉर्म कसे भरायचे

प्रश्न: माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये फक्त MRUNMAYI आहे, सरनेम कोरं. बाबांनी जातीचं आडनाव मुद्दाम सोडलं, त्यामुळे पदवीपर्यंतचे सगळे कागद या एकाच नावावर आहेत. ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमएसला जायचंय. युनिव्हर्सिटीचा फॉर्म आडनावाशिवाय पुढेच सरकेना, म्हणून मी दोन्हीकडे Mrunmayi टाकलं. आता युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेल्या आय-२० वरही तसंच आलंय. व्हिसाचा अर्ज, डीएस-१६०, अजून भरलेला नाही. तिथेही दोनदा नाव टाकू, की FNU? पासपोर्टच बदलून घेऊ का? आणि जाताना दुबईत मावशीकडे दोन दिवस थांबता येईल का?

उत्तर:

डीएस-१६० ला तूर्त हात लावू नका. आधी आय-२० दुरुस्त करून घ्या. दोनदा लिहिलेलं नाव निरुपद्रवी वाटतं, पण माझ्याकडे येणाऱ्या एकनावी विद्यार्थ्यांचे निम्मे घोळ तिथूनच सुरू झालेले असतात. पहिलं नाव मृण्मयी आणि आडनावही मृण्मयी अशी एक व्यक्ती तुम्ही नकळत तयार केलीत. त्या नावाचा पासपोर्ट कोणाकडेच नाही.

गोंधळ मुळात कुठे आहे ते आधी बघू, म्हणजे पुढचा प्रत्येक फॉर्म तुमचा तुम्हालाच भरता येईल. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिल्या ओळीत सुरुवातीची पाच अक्षरं कागदाचा प्रकार आणि देश सांगतात आणि उरलेली ३९ नावासाठी असतात. आडनाव असलेल्या माणसाची ओळ अशी दिसते:

```
P<INDPATIL<<MRUNMAYI<DILIP<<<<<<<<<<<<<<<<<<
```

आडनाव आधी, मग दोन बाण, मग बाकीची नावं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं हे प्रमाण आडनाव हा शब्द वापरतच नाही. ते म्हणतं मुख्य ओळख आणि दुय्यम ओळख. मुख्य ओळख हवीच, दुय्यम नसली तरी चालते. नावाचे दोन भाग पडत नसतील तर अख्खं नाव मुख्य ओळख धरायचं:

```
P<INDMRUNMAYI<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

म्हणजे यंत्राच्या दृष्टीने तुमचं एकुलतं एक नाव आडनावाच्या जागी बसतं. वरच्या छापील भागात मात्र आपल्याकडे ते गिव्हन नेमसमोर छापलेलं असतं आणि सरनेमसमोर काहीच नसतं. डोळ्यांनी वाचणारा माणूस म्हणतो पहिलं नाव मृण्मयी, आडनाव नाही. तुमची सगळी कटकट या दोन वाचनांमधल्या फरकातून येते. तुमच्या पासपोर्टची ती ओळ आत्ताच उघडून बघा आणि जशी आहे तशी, बाण मोजून, एका कागदावर उतरवून ठेवा. पुढे कोणी विचारलं तर तोंडी समजावण्यापेक्षा ती ओळ दाखवणं सोपं जातं.

अमेरिकेतले सरकारी फॉर्म यंत्राच्या बाजूने आहेत. एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात, यावर त्यांचं एकमत आहे. मतभेद आहे तो रिकाम्या राहिलेल्या पहिल्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं यावर, आणि तिथे एकाच देशाच्या तीन कचेऱ्यांचे तीन नियम आहेत. विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सेव्हिस प्रणाली म्हणते रकाना कोरा ठेवा, FNU वगैरे काहीही घालू नका. व्हिसाचा डीएस-१६० म्हणतो FNU लिहा, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. नोकरीला लागताना भरायचा आय-९ म्हणतो Unknown लिहा. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाचा नियम दुसऱ्याच्या फॉर्मवर लावला की चूक होते, आणि मुलं नेमकं तेच करतात, कारण कुठल्यातरी सीनियरने 'सगळीकडे एफएनयू टाक' असं सांगितलेलं असतं.

तुमच्या आय-२० वर सरनेम/प्रायमरी नेमच्या जागी MRUNMAYI आणि गिव्हन नेम कोरं असं यायला हवं. युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात डीएसओ असतो, त्याला मेल करा. मेलमध्ये तीनच गोष्टी लिहा: पासपोर्टवर एकच नाव आहे, प्रवेशाच्या फॉर्मने आडनाव सक्तीचं केल्यामुळे ते दोनदा लिहावं लागलं, सेव्हिसच्या नावाच्या नियमाप्रमाणे ते फक्त प्रायमरी नेममध्ये ठेवून दुरुस्त आय-२० द्यावा. सोबत पासपोर्टच्या पानाचा स्कॅन जोडा. डीएसओ नाव बदलून नवा आय-२० काढू शकतो, सेव्हिस क्रमांक तोच राहतो. कधीकधी उत्तर येतं की आमच्या संगणकात पहिलं नाव कोरं ठेवताच येत नाही. ते युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या नोंदींबद्दल बोलत असतात. तिथे काय असेल ते असू दे. सेव्हिसमधली नोंद वेगळी असते आणि ती तरी नियमाप्रमाणे करा, असा नम्रपणे आग्रह धरा.

सेव्हिसची ३५० डॉलर फी भरली असेल तर घाबरू नका. ती सेव्हिस क्रमांक, आडनाव आणि जन्मतारखेवर शोधली जाते, आणि यातलं काहीच बदलत नाही. भरली नसेल तर नवा आय-२० हातात आल्यावर भरा.

मग डीएस-१६०. सरनेम्समध्ये MRUNMAYI, गिव्हन नेम्समध्ये FNU. मातृभाषेतल्या नावाच्या रकान्यात देवनागरीत नुसतं मृण्मयी लिहा, तिथे एफएनयूचं भाषांतर करू नका. हसू नका, एकाने 'अज्ञात' लिहून आणलं होतं. मुलाखतीच्या वेळेसाठी जे प्रोफाइल बनवाल त्यातही डीएस-१६० सारखंच नाव हवं. यापूर्वी दुसरं नाव वापरलं आहे का, याला तुमच्या बाबतीत उत्तर 'नाही' असंच येईल. युनिव्हर्सिटीच्या फॉर्मने करायला लावलेली द्विरुक्ती हे काही तुम्ही वापरलेलं दुसरं नाव नव्हे. व्हिसा छापून आला की त्यावर आडनाव MRUNMAYI आणि गिव्हन नेम FNU दिसेल. दरवर्षी कोणीतरी हा व्हिसा घेऊन धावत येतं की चुकीचा छापला. तो तसाच छापतात.

विमानाच्या तिकिटापाशी मी जरा थांबतो, कारण इथे सरकारी नियम संपतात आणि प्रत्येक कंपनीची आपापली रीत सुरू होते. तिकिटांच्या प्रणालीत नाव आडनाव, तिरकी रेघ, पहिलं नाव असं साठवलं जातं, आणि रेघेनंतर काहीतरी लागतंच. काही कंपन्या तिथे FNU घालायला सांगतात, काही नाव दोनदा लिहायला सांगतात, काही नुसतं MS चालवून घेतात. म्हणजे जी द्विरुक्ती मी आय-२० वर चूक म्हटली, ती तिकिटावर कंपनीच्या नियमाने बरोबर असू शकते. म्हणून तिकीट काढायच्या आधी कंपनीला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील तर जिच्या नावाने तिकीट निघतं तिला विचारा आणि सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील तर दोन रीतींची गाठ मधल्या विमानतळावर पडते, आणि तिथे तुमची बाजू घेणारं कोणी नसतं. तिकिटापेक्षा वेगळा असतो तो पासपोर्टच्या तपशिलांचा रकाना, जो उड्डाणाआधी भरून घेतात. तिथे कंपनीची रीत चालत नाही, पासपोर्टवर आहे तेच द्यायचं. तिथेही दुसरा रकाना सक्तीचा निघाला तर स्वतःच्या मनाने भरू नका, काउंटरवर पासपोर्ट स्कॅन करून भरून घ्या.

हे सगळं एकदम बिघडलं की काय होतं ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो. लातूरकडचा होता, त्याचंही एकच नाव. आपण त्याला सागर म्हणू. तो माझ्याकडे आला तोवर आय-२० वर सागर सागर, व्हिसावर FNU सागर आणि तिकिटावर आडनावाच्या जागी सागर व पुढे MR, अशी तीन रूपं झालेली होती. मुंबईत काउंटरवरची मुलगी चाळीस मिनिटं फोनवर होती, पण शेवटी सोडलं. तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि व्हिसा बघितला, शिक्का मारला, सगळं ठीक. खरी अडचण चार दिवसांनी आली. युनिव्हर्सिटीने आय-९४ ची, म्हणजे देशात शिरल्याच्या सरकारी नोंदीची, प्रत मागितली आणि हा सरकारी संकेतस्थळावर पहिलं नाव सागर, आडनाव सागर असं टाकून शोधत राहिला. नोंद सापडत नाही असंच येत होतं. आपला प्रवेशच नोंदवला गेला नाही असं वाटून तो हादरला. रात्री दोन वाजता मला फोन. मी म्हटलं, पहिल्या नावात FNU टाक. एका झटक्यात नोंद पुढे आली.

तुम्ही हे उतरल्यावर दुसऱ्या दिवशीच करून टाका. `i94.cbp.dhs.gov` वर आडनावात MRUNMAYI, पहिल्या नावात FNU, मग जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि देश. नाही सापडलं तर व्हिसावर जे छापलंय ते अक्षर न् अक्षर तसं टाकून बघा, मग पासपोर्टवरचं. सापडलेल्या नोंदीत नाव किंवा तारीख चुकलेली असेल तर सीमाशुल्क खात्याच्या डिफर्ड इन्स्पेक्शन नावाच्या कार्यालयातून दुरुस्त करून घेता येते. हे काम आधी करायचं कारण असं, की पुढची कार्यालयं तुमचा पासपोर्ट बघून समाधान मानत नाहीत. ती तुमची स्थलांतराची नोंद संगणकावरून पडताळतात. ड्रायव्हिंग लायसन्स देणारी राज्याची कचेरी असो की सोशल सिक्युरिटीचं ऑफिस, खिडकीवरच्या माणसाच्या पडद्यावर जे येतं ते त्याच्यासाठी तुमचं नाव.

आणि इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच राज्यांत लायसन्सवर पहिलं नाव म्हणून FNU छापलं जाण्याची शक्यता आहे. एफएनयू हे मुळात नाव माहीत नाही अशी खूण, पण एकदा रकान्यात बसलं की संगणकाला ते नावच वाटतं. मग दवाखान्यात 'फनू' म्हणून पुकारा होतो, बँकेची पत्रं 'डिअर एफएनयू' म्हणून येतात. शोधनिबंधांच्या लेखकांतही Fnu नावाची माणसं सापडतात, आणि ती एकमेकांची कोणी लागत नाहीत. युनिव्हर्सिटीत प्रेफर्ड नेमची सोय बहुधा असते. पहिल्याच आठवड्यात तिथे Mrunmayi नोंदवा, म्हणजे हजेरीपट आणि ईमेलवर तरी तुमचं नाव येईल. निबंध लिहाल तेव्हा लेखक म्हणून नाव कसं द्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं असतं. तिथे व्हिसाचा काही संबंध नाही.

कॅम्पसवर काम मिळालं की आय-९ समोर येईल. त्यात आडनावात Mrunmayi आणि पहिल्या नावात Unknown. मनुष्यबळ विभागाच्या बाईंना हे नवीन असेल तर त्याच फॉर्मच्या सूचनांत हे लिहिलेलं आहे, एवढं दाखवा. सोशल सिक्युरिटीच्या अर्जाच्या वेळी पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ आणि आय-२० चारही सोबत न्या आणि नोंद पूर्ण व्हायच्या आधी खिडकीवरच विचारा की नाव कसं टाइप केलंय, पडदा दाखवता का. कार्ड घरी आल्यावर दुरुस्तीला पुन्हा जाण्यापेक्षा हे बरं. पगाराच्या नोंदीतलं नाव त्या कार्डाशी जुळवून घ्या.

आता पासपोर्ट बदलायचं. माझं मत: आत्ता नको. कारण बाबांच्या निर्णयाचा आदर वगैरे नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. कारण कागदांचं आहे. तुम्ही लिहिता की पदवीपर्यंत सगळं एकाच नावावर आहे. आता पासपोर्टवर आडनाव चढवलं तर आज जुळणारे कागद जुळेनासे होतील आणि प्रवेश, गुणपत्रकं, परीक्षांचे निकाल, आय-२० सगळ्यांना नावबदलाचा पुरावा जोडत फिरावं लागेल. नवीन शब्द नावात येतोय म्हटल्यावर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातल्या जाहिराती किंवा राजपत्रातली नोंद, मग पासपोर्टचा पुनर्जारी अर्ज, असा तो रस्ता आहे. माझ्या अनुभवात हे सगळं जमायला दोन महिने सहज जातात, आणि त्या दोन महिन्यांत तुमची व्हिसाची मुलाखत व्हायला हवी आहे.

ज्यांच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्येच MRUNMAYI DILIP PATIL असं सगळं एका ओळीत कोंबलेलं असतं आणि सरनेम कोरं असतं, त्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे ही मंडळी खऱ्या एकनाव्यांपेक्षा जास्त भेटतात, कारण फॉर्म भरताना कोणीतरी 'पूर्ण नाव' पहिल्याच रकान्यात लिहून मोकळं झालेलं असतं. त्यांना नाव बदलायचं नसतं, आहे ते दोन रकान्यांत वाटायचं असतं, आणि ते तुलनेने सोपं काम आहे. ते त्यांनी प्रवेशाचे अर्ज करायच्या आधी उरकावं. न केल्यास तीन शब्दांचं अख्खं नाव आडनाव बनतं आणि पुढे पुन्हा FNU.

तुम्हाला पुढे कधी वाटलंच, तर सवडीने करता येईल, अमेरिकेत राहून भारतीय वकिलातीमार्फतही. आडनाव म्हणून जातीचंच लागतं असं कुठे नाही. वडिलांचं नाव त्या रकान्यात घालणारे पुष्कळ आहेत. मात्र त्यानंतर सेव्हिस, लायसन्स, सोशल सिक्युरिटी, बँक हे सगळं बदलावं लागेल. जुन्या नावाचा व्हिसा वापरायचा तर नावबदलाचा पुरावा कायम जवळ ठेवावा लागेल. बहुधा नवा व्हिसाच घेणं सोयीचं पडतं. शिक्षण आणि नोकरी यांच्या मधली फट ही त्यासाठी त्यातल्या त्यात बरी वेळ.

हे फक्त परक्या देशांचं खूळ आहे असंही नाही. आपल्या पॅनच्या फॉर्ममध्येही आडनावाचा रकाना सक्तीचा आहे आणि एकच नाव असेल तर ते तिथे लिहा अशी सूचना आहे. दहावी बोर्डाच्या कागदांवर तर आडनाव आधीच विचारतात. सुकार्नो आणि सुहार्तो असे एकनावी राष्ट्राध्यक्ष झालेल्या इंडोनेशियानेसुद्धा २०२२ मध्ये नियम काढला की नव्या नोंदीत नाव किमान दोन शब्दांचं हवं.

राहिली दुबई. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना भेट-व्हिसावर प्रवेश बंद केला. नंतर खुलासा आला की आगमनी व्हिसाला जे पात्र आहेत, त्यांच्या पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर ते धरलं जाईल. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असतं, त्यामुळे अमेरिकेच्या व्हिसाच्या जोरावर तुम्ही आगमनी व्हिसाला पात्र ठरत असाल तर दार उघडं असू शकतं. पण हा निर्णय मुंबईच्या काउंटरवर कंपनीचा माणूस घेणार, आणि त्याला शंका आली तर तो तुम्हाला विमानात बसू देणार नाही. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी आय-२० वरची रुजू व्हायची तारीख पणाला लावू नका. विमानतळाबाहेर न पडता थेट जोडविमान घ्या, मावशीला विमानतळावरून फोन करा. फारच मन असेल तर विमान कंपनीकडून तुमच्या पासपोर्टच्या दोन्ही पानांचे स्कॅन पाठवून लेखी होकार घ्या, आणि तो आला तरच तिकीट काढा.

डीएसओचं उत्तर आलं की नव्या आय-२० वरचा नावाचा भाग इथे लिहा, जन्मतारीख आणि क्रमांक झाकून. तो बघून मग डीएस-१६० सुरू करू.